प्रकल्पाच्या रोख प्रवाह तक्त्यात खेळते भांडवल: गुंतवणूक, वाढ आणि शेवटची वसुली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खानदेशातील लहान प्रक्रिया उद्योगांचे प्रकल्प अहवाल तपासताना एक चूक वारंवार दिसते. यंत्रसामग्रीचा हिशेब शेवटच्या नटबोल्टापर्यंत केलेला असतो, पण खेळत्या भांडवलाची, म्हणजे मालात आणि उधारीत अडकणाऱ्या पैशाची, नोंद एक तर नसते किंवा चुकीच्या वर्षात पडलेली असते. पुढील प्रश्न त्याविषयी आहेत. सर्व उत्तरांत जळगाव परिसरातील तूरडाळ मिलचे एकच उदाहरण वापरले आहे. त्यातील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले असून ते कोणत्याही प्रत्यक्ष मिलचे नाहीत.

प्रश्न: नफ्याचा अंदाज असताना खेळत्या भांडवलाची वेगळी ओळ कशासाठी?

नफा बिलावर मोजला जातो आणि रोख प्रवाह पैसा हातात आल्यावर मोजला जातो, म्हणून ही ओळ लागते. मिलने मार्चमध्ये भुसावळच्या व्यापाऱ्याला डाळ पाठवून बिल फाडले की त्या वर्षाच्या विक्रीत ती रक्कम धरली जाते. पैसे मात्र एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात येतात. खरेदीची बाजू याच्या नेमकी उलट आहे. बाजार समितीत तूर घेतली की शेतकऱ्याचा चुकारा लगेच करावा लागतो, पण ती तूर महिनाभर गोदामात पडून राहिली तर नफ्याच्या हिशेबात तिचा खर्च अजून आलेलाच नसतो. नफ्याचा आकडा या दोन्ही गोष्टी झाकून ठेवतो. खेळत्या भांडवलाची ओळ नफ्याच्या आकड्यात तेवढी दुरुस्ती करते, तो पैसा बाहेर गेल्याचे त्या वर्षात दाखवते आणि परत येईल त्या वर्षी आत आल्याचे दाखवते.

प्रश्न: खेळते भांडवल किती लागेल, हे कसे ठरवायचे?

दिवसांवरून ठरवावे. विक्रीची ठोक टक्केवारी शेवटी वापरता येते, पण ती टक्केवारी आली कुठून हे आधी एकदा मोजून पाहावे लागते.

आपल्या मिलची पहिल्या वर्षीची विक्री १,००० लाख रुपये, वर्षभरात लागणारी तूर ८१० लाखांची आणि घसारा वगळून उत्पादन खर्च ९०० लाख धरू. वर्ष ३६० दिवसांचे घेतले तर दिवसाला सव्वादोन लाखांची तूर लागते. सरासरी ४० दिवसांची तूर गोदामात राहत असेल, तर तिच्यात ९० लाख अडकतात. तयार डाळ आणि चुणी मिळून १२ दिवसांचा माल पडून राहतो. दिवसाचा उत्पादन खर्च अडीच लाख असल्याने तेथे ३० लाख गुंततात. व्यापाऱ्यांकडील उधारी ३६ दिवसांची म्हणजे १०० लाख होते. हमाली, वीजबिल आणि मजुरीसाठी ५ लाख हाताशी ठेवावे लागतात. एकूण २२५ लाख झाले.

यातून देणी वजा करायची. अडत्या काही दिवस थांबतो आणि बारदानावालाही थांबतो. त्यांचे मिळून २५ लाख धरले, तर निव्वळ गरज २०० लाखांची, म्हणजे विक्रीच्या २० टक्के येते. पुढील वर्षांसाठी हे प्रमाण वापरता येते. मात्र खरेदीची किंवा उधारीची पद्धत बदलली की ते पुन्हा मोजावे.

दिवस मात्र खऱ्या वह्यांतून घ्यावेत. मालक तोंडी सांगतो ते बहुतेक वेळा ठरलेल्या मुदतीचे दिवस असतात. प्रत्यक्ष वसुलीला किती दिवस लागतात ते उधारीची वही उघडली की कळते, आणि "आमच्याकडे पंधरा दिवसांचीच उधारी" असे सांगणाऱ्याच्या वहीत चाळीस दिवसांपूर्वीची बिले उभी असतात.

प्रश्न: उधारी विक्री किमतीने धरायची की खर्चाच्या किमतीने?

बँकेसाठी कर्जाची गरज काढताना उधारी खर्चाच्या किमतीने धरण्याचा एक प्रघात आहे, कारण नफ्याचा भाग मालकाने खिशातून घातलेला नसतो. प्रकल्पाच्या तक्त्यात तसे करू नये. या तक्त्यात आपण बिलावर मोजलेल्या नफ्यापासून सुरुवात करतो आणि त्या नफ्यात पूर्ण बिल धरलेले असते. म्हणून न आलेले पैसे वजा करतानाही पूर्ण बिलच वजा केले पाहिजे. अन्यथा उधारीतील नफा हातात न येताच आल्यासारखा दिसतो.

प्रश्न: दर वर्षी खेळत्या भांडवलाची पूर्ण रक्कम वजा करायची का?

नाही. फक्त बदल वजा करायचा. पहिल्या वर्षी मालात घातलेले २०० लाख वर्षभर फिरत राहतात. तूर विकत घेतली जाते, तिची डाळ होते, डाळ उधारीवर जाते, वसुली होते आणि त्याच पैशातून पुन्हा तूर येते. दुसऱ्या वर्षी २६० लाख लागणार असतील, तर नव्याने फक्त ६० लाख घालावे लागतात.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. सुरुवातीच्या काळातील एका अहवालात मी दर वर्षीची पूर्ण शिल्लक वजा केली होती आणि बरा चाललेला धंदा तक्त्यात पाचही वर्षे बुडताना दिसत होता. ज्येष्ठ सहकाऱ्याने एवढेच विचारले, "हा माणूस दर एक एप्रिलला नवे गोदाम भरतो आणि जुने जाळून टाकतो का?" त्यानंतर ती चूक पुन्हा झाली नाही.

प्रश्न: पूर्ण तक्ता कसा दिसतो?

प्रकल्पाचे आयुष्य पाच वर्षे धरू. यंत्रे आणि शेड मिळून ३०० लाख, शेवटी भंगाराची किंमत शून्य. करानंतरचा रोख नफा, म्हणजे घसारा परत मिळवून आलेला आकडा, विक्रीच्या ८ टक्के घेतला आहे. डाळ धंद्यातल्या माणसाला हा दर सढळ वाटेल. हिशेब सोपा राहावा म्हणून तो तसा ठेवला आहे. सर्व आकडे लाख रुपयांत आहेत.

| वर्ष | ० | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| विक्री | – | १,००० | १,३०० | १,५०० | १,५०० | १,२०० |
| वर्षअखेर लागणारे खेळते भांडवल | २०० | २६० | ३०० | ३०० | २४० | ० |
| यंत्रे व शेड | −३०० | – | – | – | – | – |
| रोख नफा | – | ८० | १०४ | १२० | १२० | ९६ |
| खेळत्या भांडवलातील बदल | −२०० | −६० | −४० | ० | +६० | +२४० |
| निव्वळ रोख प्रवाह | −५०० | २० | ६४ | १२० | १८० | ३३६ |

चौथ्या वर्षाचा रकाना नीट पाहावा. पाचव्या वर्षी विक्री घटणार असल्यामुळे तेथे ६० लाख मोकळे होतात. भांडवल केवळ शेवटच्या दिवशीच परत येते असा समज आहे, पण विक्री उतरू लागली की ते आधीपासूनच सुटू लागते.

पुढच्या वर्षांतील पैशाची आजची किंमत ज्या दराने काढतात तो वटाव दर १२ टक्के घेतला, तर खेळत्या भांडवलाची ओळ वगळून या प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे सर्व वर्षांच्या रोख प्रवाहांच्या आजच्या किमतीची बेरीज, सुमारे ७०.५ लाख अधिक येते. ती ओळ धरली की ते सुमारे ४०.७ लाख उणे होते. यंत्र तेच आहे, विक्री तीच आहे, नफाही तोच आहे. फरक १११ लाखांचा पडला, आणि तोही रुपयाला रुपया परत आला असे धरून.

प्रश्न: सगळे पैसे परत येतात, तर मग तोटा कसला?

वाट पाहण्याचा. पहिल्याच दिवशी घातलेले २०० लाख आणि पाच वर्षांनी हातात आलेले २०० लाख यांची किंमत सारखी नसते. १२ टक्के दराने पाच वर्षांनंतरच्या एका रुपयाची आजची किंमत सुमारे ५७ पैसे होते. यंत्राच्या खर्चावर निदान घसाऱ्याची कर सवलत मिळते. मालात आणि उधारीत अडकलेल्या पैशावर घसारा नाही आणि परत आलेल्या मूळ रकमेवर करही नाही, कारण ती कमाई नसून स्वतःचेच पैसे आहेत. परतीची रक्कम उत्पन्नात धरून तिच्यावर कर लावलेले तक्तेही पाहण्यात आले आहेत. ते चूक आहे.

प्रश्न: पहिली रक्कम शून्य वर्षात दाखवायची की पहिल्या वर्षात?

तक्ता वार्षिक असतो आणि प्रत्येक रक्कम वर्षाच्या शेवटी घडली असे आपण मानतो. विक्री त्या वर्षभर होणार असेल, तर तिच्यासाठी लागणारा माल वर्ष सुरू होण्याआधी भरावा लागतो. म्हणून पुढील वर्षाच्या विक्रीवर आधारलेली गरज चालू वर्षाच्या शेवटी दाखवणे सुरक्षित आहे. वरच्या तक्त्यात तसेच केले आहे.

काही जण त्याच वर्षाच्या विक्रीवरून बदल काढतात आणि पहिले २०० लाख पहिल्या वर्षाच्या शेवटी दाखवतात. तसे केले तर आपल्या उदाहरणात निव्वळ वर्तमान मूल्य उणे ४०.७ ऐवजी सुमारे उणे १४.२ येते. केवळ रकाना सरकवल्यामुळे साडेसव्वीस लाखांनी चित्र सुधारले. उधारी वर्षभर हळूहळू वाढते, त्यामुळे सत्य या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते. तरीही डाळ मिलच्या बाबतीत मी पहिलीच पद्धत धरतो. नव्या तुरीची आवक साधारण जानेवारी ते मार्च या काळात जोरात असते आणि मिलवाला वर्षभराच्या कामासाठी त्याच दिवसांत माल भरतो, म्हणजे पैसा खरोखरच आधी जातो.

प्रश्न: हंगामात तर दुप्पट माल भरावा लागतो, मग सरासरी का धरली?

वार्षिक तक्त्यासाठी वर्षाची सरासरी शिल्लक योग्य असते, आणि पैशाची सोय मात्र कमाल गरजेवर करावी लागते. या दोन आकड्यांची कामे वेगळी आहेत. मार्चअखेरच्या ताळेबंदात तुरीचा साठा जवळपास शिखरावर असतो, म्हणून फक्त ताळेबंद पाहून दिवस काढले तर गरज फुगलेली येते. बारा महिन्यांच्या अखेरचा साठा घेऊन त्याची सरासरी काढावी.

हंगामी चढउतार फार मोठा असेल, तर वार्षिक तक्ता सोडून तिमाही तक्ता करावा. नंदुरबारला ओली लाल मिरची घेऊन पथारीवर वाळवणारा व्यापारी किंवा चोपडा, धरणगाव भागातील जिनिंगवाला यांचा पैसा वर्षातले काही महिनेच अडकतो. त्यांच्यासाठी वार्षिक आकडा फारसे काही सांगत नाही. केळीच्या व्यवहारात माल साठवताच येत नाही, म्हणून तेथे प्रश्न जवळजवळ फक्त उधारीचा उरतो.

प्रश्न: बँक सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, देणार आहे. मग प्रकल्पात फक्त मार्जिन दाखवले तर चालेल ना?

सर्वांत जास्त घोटाळा या प्रश्नावर होतो, म्हणून उत्तर थोडे लांब आहे.

बँकेला दिल्या जाणाऱ्या प्रकल्प अहवालात "प्रकल्पाचा एकूण खर्च" या शीर्षकाखाली खेळत्या भांडवलाचे केवळ मार्जिन, म्हणजे मालकाने घालायचा वाटा, लिहिण्याची पद्धत आहे. बँकेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण मुदत कर्ज किती द्यायचे एवढेच तिला त्या पानावरून ठरवायचे असते. गरजेच्या २५ टक्के मार्जिन धरले, तर आपल्या मिलच्या अहवालात २०० ऐवजी ५० लाखच दिसतील. तोच आकडा उचलून रोख प्रवाह तक्त्यात टाकला आणि शेवटी ५० लाख परत आले असे दाखवले, की निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे ४८.९ लाख अधिक येते. उणे ४०.७ असलेला प्रकल्प कागदावर फायद्याचा होतो.

उरलेले दीडशे लाख आणि पुढची वाढ बँक फुकट देत नाही. प्रकल्प स्वतःच्या जोरावर उभा राहतो का, हे पाहायचे असेल तर गरज पूर्ण धरावी, सीसीवरचे व्याज खर्चात धरू नये आणि वटाव दर कर्ज व स्वतःचे भांडवल यांचा मिश्र दर घ्यावा. मालकाच्या खिशात काय पडेल हे पाहायचे असेल, तर सीसी आल्याची आणि गेल्याची नोंद वेगळ्या ओळीत करावी, करानंतरचे व्याज वजा करावे, शेवटी वसुलीतून आधी सीसी फेडावी आणि वटाव दर मालकाच्या अपेक्षेचा घ्यावा. दोन्ही पद्धती चालतात. पहिलीतील व्याजमुक्त नफा आणि दुसरीतील फक्त मार्जिनपुरते भांडवल असा मेळ घातला, तर तो तक्ता कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देत नाही.

लहान उद्योगांसाठी बँका उलाढालीवरून मर्यादा ठरवतात. अंदाजित उलाढालीच्या २५ टक्के गरज, त्यातील २० टक्के बँकेचे आणि ५ टक्के मालकाचे, असा तो ठोकताळा आहे. कर्ज मंजुरीसाठी तो सोयीचा असला, तरी तो आपल्या मिलची गरज सांगत नाही. दिवसांचा हिशेब करावाच लागतो.

प्रश्न: शेवटी शंभर टक्के वसुली धरणे योग्य आहे का?

पाठ्यपुस्तकात चालते, मिलमध्ये तपासून घ्यावे लागते. शेवटी सुटणारे २४० लाख कशात अडकलेले आहेत ते पाहू. तूर १०८, डाळ व चुणी ३६, उधारी १२० आणि हातातील रोख ६, त्यातून देणी ३० वजा. रोख पूर्ण परत येते आणि देणी पूर्ण द्यावीच लागतात. प्रश्न माल आणि उधारीचा आहे.

मिल बंद होणार हे बाजाराला कळले की उधारी ढिली पडते. पुढचा माल मिळणार नसेल, तर मागचे पैसे द्यायची घाई व्यापाऱ्याला राहत नाही. काही जण डाळीत खडे होते, ओल होती, अशी तक्रार काढून बिलातून रक्कम कापतात. मालाच्या बाबतीत, तळाच्या थप्पीतील पोत्यांना भुंगा लागलेला असतो आणि तो दोन-तीन महिन्यांत दाणे पोखरून टाकतो. समजा, उधारीत ६ लाख बुडाले आणि मालात १० लाखांची घट आली. १६ लाखांच्या तोट्यावर २५ टक्के दराने ४ लाखांचा कर वाचला, तर प्रत्यक्ष वसुली २२८ लाख होते. कर वाचण्यासाठी त्या वर्षी तेवढा करपात्र नफा असावा लागतो, हे विसरू नये.

यामुळे निव्वळ वर्तमान मूल्य आणखी सुमारे ६.८ लाखांनी घटते. आकडा लहान वाटेल, आणि तो लहानच आहे. वसुलीतील बुडीत रकमेवर बैठकीत तासभर वाद होतो, पण मोठे नुकसान आधीच झालेले असते, कारण पैसा पाच वर्षे अडकून राहिलेला असतो.

प्रश्न: वसुली पाचव्या वर्षाच्या शेवटी दाखवायची की सहाव्या वर्षात?

शेवटचे बिल ३१ मार्चला फाडले, तर त्याचे पैसे ३१ मार्चला येत नाहीत. शहाणा मिलवाला शेवटच्या महिन्यांत तुरीची खरेदी थांबवतो आणि साठा गिरणीतून संपवत आणतो. म्हणजे मालातील पैसा पाचव्या वर्षातच सुटतो, उधारीचा मात्र पुढे जातो. सगळी वसुली सहा महिने उशिरा आली असे मानले, तर आपल्या उदाहरणात सुमारे साडेसात लाखांचा फरक पडतो. प्रकल्प काठावर असेल, तर उधारीचा भाग सहाव्या वर्षाच्या रकान्यात टाकावा. एरवी टिपण लिहून पाचव्या वर्षात ठेवले तरी चालते.

प्रश्न: तुरीचे भाव वाढले तर तक्ता बदलतो का?

बदलतो. क्विंटल तेवढेच असले, तरी भाव ६ टक्क्यांनी वाढला तर २०० लाखांच्या गरजेसाठी २१२ लाख लागतात. हे १२ लाख तक्त्यात नव्या गुंतवणुकीसारखे दिसले पाहिजेत. शेवटी परत येते ती वाढलेल्या भावाची रक्कम, पण मधल्या वर्षांत दर वेळी भर घालावी लागलेली असते.

स्थिर किमतींचा तक्ता करणाऱ्यांची येथे फसगत होते. महागाई वगळली म्हणून विक्रीतील वाढ काढून टाकली जाते, आणि तिच्याबरोबर ही भरही नाहीशी होते. त्यामुळे भाववाढ मोठी असेल तेव्हा तक्ता चालू किमतींत करावा आणि वटाव दरही महागाईसह घ्यावा.

प्रश्न: एक्सेलमध्ये कसे मांडायचे?

शून्य ते पाच ही वर्षे B ते G या स्तंभांत, विक्री तिसऱ्या ओळीत, वर्षअखेरचे खेळते भांडवल चौथ्या ओळीत, बदल पाचव्या ओळीत आणि निव्वळ रोख प्रवाह सातव्या ओळीत आहे असे धरू.

```
B4: =0.20*C3      (F4 पर्यंत ओढावे)
G4: 0
B5: =-B4
C5: =B4-C4        (G5 पर्यंत ओढावे)
H5: =SUM(B5:G5)
H7: =B7+NPV(12%,C7:G7)
```

H5 मध्ये शून्य आले पाहिजे. उणे आकडा आला, तर कुठेतरी वसुली दाखवायची राहिली आहे किंवा ती मुद्दाम कमी धरली आहे. मुद्दाम कमी धरली असेल, तर तो आकडा मानलेल्या तोट्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. अधिक आकडा आला, तर घातले त्यापेक्षा जास्त परत आल्याचे दाखवले गेले आहे. NPV हे सूत्र पहिल्या आकड्यालाही एक वर्षाचा वटाव लावते, म्हणून शून्य वर्ष कंसाबाहेर ठेवावे.

प्रश्न: चालू मिलमध्ये दुसरे यंत्र बसवायचे आहे. तेव्हा काय धरायचे?

फक्त यंत्रामुळे वाढणारे खेळते भांडवल धरावे. जुन्या मिलची उधारी आणि साठा नव्या प्रकल्पाच्या अंगावर टाकू नये. मात्र टक्केवारी तीच राहील असेही मानू नये. वाढलेली डाळ खपवण्यासाठी नवे गिऱ्हाईक शोधावे लागते, आणि धुळे किंवा मालेगावच्या नव्या व्यापाऱ्याला जुन्यापेक्षा दहा-पंधरा दिवस जास्त उधारी द्यावी लागते. असा नवा व्यापारी आला की बहुधा जुनेही तेवढीच मुदत मागू लागतात. जुन्या गिऱ्हाइकांची उधारी त्या कारणाने वाढली, तर ती वाढ नव्या यंत्राच्याच तक्त्यात, त्याच वर्षाच्या रकान्यात लिहावी लागते.